डब्याचा तळ फोटोत वाचताना: दोन की पाच?

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं इंजेक्शन मशीनवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू काढणाऱ्या मशीनवर काम केलं. आता मिरजेतला एक बचत गट घरोघरचं प्लास्टिक गोळा करून वेगळं करतो, आणि अडलं की त्यातल्या ताई मला डब्याच्या तळाचा फोटो पाठवतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "दादा, हा पीपी का एचडी?" पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि एचडी म्हणजे एचडीपीई, जाड पॉलिथिलीन. तळावरच्या छोट्या त्रिकोणात पीपीला पाच आणि एचडीला दोन आकडा असतो, म्हणजे प्रश्न पाच की दोन असा. पीपी साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं, एचडीपीई १३० अंशांच्या आसपास. ही दोन्ही एकत्र वितळवली तरी नीट एकजीव होत नाहीत आणि त्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या दाण्यापासून केलेला माल पापुद्रे सुटून तुटतो. त्यामुळे हा आकडा चुकून चालत नाही.

फोटो चांगला असेल तर निम्मं काम तिथंच होतं. तळावरची अक्षरं रंगाने छापलेली नसतात. साच्यात कोरलेली असल्यामुळे ती डब्यावर उठावदार येतात, म्हणून ती दिसतात फक्त सावलीमुळे. फ्लॅश समोरून पडला की सावली मरते आणि तळ कोरा दिसतो. फ्लॅश बंद करा, डबा पालथा ठेवा, दुसऱ्या मोबाईलची टॉर्च तळाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा आणि फोटो सरळ वरून घ्या. एक फोटो झाल्यावर टॉर्च काटकोनात शेजारच्या बाजूला नेऊन आणखी एक घ्या, कारण प्रकाशाच्या दिशेतच असलेली रेघ पहिल्या फोटोत लपते. पांढऱ्या डब्यावर तरीही दिसत नसेल तर चिमूटभर हळद बोटाने चोळून वरची पुसून टाका, अक्षरांच्या कडेला पिवळं राहतं आणि आकडा वाचता येतो. डबा परत वापरायचा असेल तर मात्र हळद नको, डाग जात नाही. काळ्या डब्याला रांगोळी किंवा टाल्कम पावडर चालते. फोटोत फक्त त्रिकोण नको, तळ पूर्ण यायला हवा. का, ते पुढे येईल.

आता त्रिकोण. हे आकडे अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये आणले: १ पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकीचं सगळं. सातवरून मटेरियल कळत नाही, तिथे शेजारची अक्षरं शोधायची. सुरुवातीच्या चिन्हात एकामागून एक धावणारे तीन बाण होते. २०१३ मध्ये मानकात त्याऐवजी साधा भरीव त्रिकोण आला, पण जुने साचे चालूच असल्याने दोन्ही प्रकार दिसतात. काही डब्यांवर एकाऐवजी शून्य-एक, पाचाऐवजी शून्य-पाच असतं. अर्थ तोच.

खरी फसगत त्रिकोणाबाहेरच्या आकड्यांनी होते. तळावर गोल घड्याळासारखं चिन्ह असतं: कडेने १ ते १२, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन बाजूंना एकेक आकडा. ते तारखेचं चक्र. बाण ८ कडे आणि मध्ये २३ असेल तर डबा ऑगस्ट २०२३ चा. याशिवाय कुठेतरी सुटा एकच आकडा असतो, तो कॅव्हिटी नंबर. एका साच्यात चार डबे एकदम निघत असतील तर प्रत्येकावर १ ते ४ पैकी एक आकडा येतो, म्हणजे खराब डबा कुठल्या खोबणीतून आला ते कळतं. मटेरियलशी या दोन्हींचा संबंध नाही. जेवणाचा काटा आणि पेला यांचं चिन्ह दिसलं तर ते अन्नासाठी चालतं एवढंच सांगतं.

गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका फोटोचं उदाहरण देतो. हॉटेलातून भाजी येते तसला गोल, दुधट पारदर्शक डबा. ताईंनी लिहिलं होतं, "दोन आहे, एचडीत टाकते." फोटोत त्रिकोणात इंग्रजी दोनच दिसत होता. पण बाण उलटे होते. या चिन्हातले बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, इथे ते उलट्या दिशेने फिरत होते. तारखेच्या चक्रातही १ नंतरचे आकडे डावीकडे जात होते. मी विचारलं, "ताई, फोटो आतून काढला का?" बाहेरून तळाला मसाला चिकटला होता म्हणून त्यांनी डब्यात डोकावून, आरपार फोटो घेतला होता. म्हणजे सगळं आरशातल्यासारखं उलटं झालं. इंग्रजी पाच उलटा केला की जवळजवळ दोन दिसतो आणि दोनाचा पाच. साच्यात टोकदार, चौकोनी आकडे कोरलेले असले तर फरक उरतच नाही. गॅलरीतल्या एडिटमध्ये जाऊन फोटो आडवा फ्लिप केला, बाण सरळ झाले, आकडा पाच झाला आणि त्याखाली मघाशी नुसती वेडीवाकडी वाटणारी दोन अक्षरं पीपी म्हणून वाचता आली. त्रिकोण भरीव असेल तर बाणांची ही खूण मिळत नाही, तेव्हा तारखेचं चक्र किंवा कुठलंही अक्षर तपासा.

त्या फोटोत तळाच्या बरोबर मध्यभागी तांदळाच्या कणीएवढा खडबडीत ठिपका होता. वितळलेलं प्लास्टिक जिथून साच्यात शिरतं ती ही गेटची खूण, म्हणजे डबा इंजेक्शनचा. पातळ भिंतीचा, आरपार दिसणारा इंजेक्शनचा डबा आणि त्यावर पाच, हे जुळतं. फिनेल किंवा तेलाच्या मुठीच्या कॅनचा तळ वेगळा असतो. तिथे मधून आडवी, सरळ सांध्याची रेघ जाते आणि तीच पुढे बाजूंवर चढते. गरम नळी साच्यात चिमटून, हवा भरून तो कॅन फुगवलेला असतो. अपारदर्शक कॅनला अशी रेघ असेल आणि आकडा दोन वाटत असेल, तर दोन धरायला हरकत नाही. पाण्याच्या बाटलीलाही तळात ठिपका असतो, पण ती काचेसारखी स्वच्छ आणि पेटची. याउलट स्वच्छ बाटलीच्या तळाला सरळ रेघ दिसली तर पेटमध्ये टाकू नका, ती पीव्हीसी असू शकते आणि थोडंसं पीव्हीसीही पेटचा अख्खा लॉट पिवळा पाडतं.

मात्र ठिपका आणि रेघ डबा कसा बनला ते सांगतात, कशाचा बनला ते नाही. बादल्या, क्रेट एचडीपीईचे असूनही इंजेक्शनचे असतात. शिवाय आकडा साच्यात कोरलेला असतो. तोच साचा दुसऱ्या मटेरियलवर चालवला तरी आकडा जुनाच उमटतो. म्हणून फोटोत आकडा, अक्षरं आणि घडण यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तरच मी नाव सांगतो. नाही जुळल्या तर डब्याचा तुकडा मागवतो. पाण्यात टाकून दोन-पाचचा निकाल लागत नाही, दोन्ही तरंगतात. पेट, पीव्हीसी आणि भरीव पॉलिस्टायरीन बुडतात, तेवढं कळतं. तुकडा नखाने ओरखडून बघावा लागतो: एचडीपीई मेणचट लागतं आणि नख उमटतं, पीपी जास्त कडक असतं.

आणि झाकण वेगळं धरा. त्या भाजीच्या डब्याच्या झाकणावर स्वतःचा त्रिकोण होता, तोही पाचच निघाला. पण पाण्याच्या बाटलीचं बूच सहसा पेटचं नसतं, ते एचडीपीई किंवा पीपीचं असतं. तळाचा फोटो बुचाबद्दल काहीच सांगत नाही, त्यामुळे बुचाच्या आतल्या बाजूचा फोटो वेगळा पाठवा.