पावसात लेनची खूण विझली की कॅमेरा गेला असं समजू नका, आधी या चुका टाळा

गेल्या जुलैत शिवडीवरून अटल सेतूवर चढलो, पाऊस रिपरिप चालू होता, आणि डॅशबोर्डवर ती दोन रेषांमधली छोटी गाडी असते ना, आपण लेन सोडायला लागलो की वॉर्निंग देणाऱ्या सिस्टीमची खूण, ती हिरवी होती ती राखाडी झाली आणि दोन मिनिटांत पिवळी होऊन मेसेज आला की समोरचा कॅमेरा अडलाय. दादा बाजूला बसला होता, तो लगेच म्हणाला, "कॅमेरा गेला रे, वॉरंटी आहे तोवर बदलून घे." मलाही तसंच वाटलं. पण पाऊस थांबल्यावर खूण परत आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पुलावर कडक ऊन असताना परत गेली, म्हणजे पाऊस नसतानाही. तेव्हा नीट बघायला लागलो.

पहिली चूक इथेच होते, राखाडी आणि पिवळी खूण आपण एकच समजतो. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, तुमच्या गाडीचं मॅन्युअल एकदा बघाच, पण बहुतेक गाड्यांत राखाडी किंवा पांढरी म्हणजे सिस्टीम चालू आहे पण तिला पट्टे सापडत नाहीयेत किंवा स्पीड कमी आहे (बऱ्याच गाड्यांत साधारण ६०च्या वर गेल्यावरच ती जागी होते), हिरवी म्हणजे पट्टा पकडलाय, आणि पिवळी खूण मेसेजसकट आली तर कॅमेऱ्यालाच दिसत नाहीये किंवा खरंच बिघाड आहे. सायन-पनवेलवर खड्डे बुजवलेल्या पॅचवर पट्टाच पुसलेला असतो, तिथे राखाडी होणारच, त्यात गाडीचा काही दोष नाही. रात्री पावसात रस्ता ओला असला की समोरच्या हेडलाइट रस्त्यावर आरशासारख्या चमकतात आणि पांढरा पट्टा त्यात विरून जातो, आपल्यालाही दिसत नाही तर कॅमेऱ्याला कुठून दिसणार, कारण तो बघतो ते काळ्या डांबरावरचा पांढरा फरक, बस.

आता पिवळ्याकडे. माझ्या केसमध्ये पाऊस आणि ऊन दोन्हींत खूण जात होती आणि मला वाटत होतं दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, पण मूळ एकच निघालं: काचेवरचा थर. कॅमेरा आरशाच्या मागे काचेला चिकटून बसलेला असतो आणि तळहाताएवढ्या जागेतून बाहेर बघतो. त्या जागेवर धूळ, तेलकट थर किंवा पाण्याचे डाग असले तर साध्या उजेडात त्याला फरक पडत नाही, पण समोरून ऊन आलं की तोच थर उजेड सगळीकडे पसरवतो आणि सगळं चित्र पांढरट होतं. सकाळी शिवडीहून न्हावा शेवाच्या दिशेने जाताना सूर्य समोर, संध्याकाळी परत येताना पुन्हा समोर. शिवाय पाऊस आला की त्याच थरामुळे पाणी सरळ वाहून न जाता ओघळ आणि थेंब धरून बसतं.

थर कुठे आहे हे ओळखायला मी काय केलं ते सांगतो. रात्री बिल्डिंगखाली गाडी उभी केली, मोबाइलची टॉर्च बाहेरून काचेला तिरकी धरली आणि मुलीला आत बसवून विचारलं काय दिसतंय. ती म्हणाली, "बाबा, अर्धा गोल रेघारेघा आहेत आणि वर पांढरे ठिपके." रेघा म्हणजे वायपर, ठिपके म्हणजे टँकरच्या जड पाण्याचे डाग. आमच्याकडे गाडी पुसणारा रोज सकाळी एकाच बादलीत सात-आठ गाड्या पुसतो, त्याच फडक्याने बॉडी आणि त्याच फडक्याने काच, त्यामुळे शॅम्पूतलं वॅक्स आणि बाकीच्या गाड्यांचं तेल सगळं काचेवर येतं. त्याला आता काचेसाठी वेगळं मायक्रोफायबरचं कापड आणून दिलंय आणि काच शेवटी नाही, सगळ्यात आधी पुसायला सांगितलंय.

वायपरची टेस्ट पण सोपी आहे. वॉशरचं पाणी मारा, एकदा वायपर फिरवा आणि कॅमेऱ्यासमोरच्या जागेकडे बघा. ती लगेच साफ व्हायला पाहिजे, एक-दोन सेकंद पाण्याचा पातळ पडदा राहत असेल किंवा पंख्यासारख्या रेघा उमटत असतील तर रबर कडक झालंय. आधी रबर ओल्या कापडाने पुसून बघा, माझ्या कापडावर काळा मळ आला आणि अर्ध्या रेघा तेवढ्यानेच गेल्या, बाकीच्यासाठी ब्लेड बदलावं लागलं. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन रबराला खातं, म्हणून पावसाआधी बदललेलं बरं. आणि काच कोरडी असताना वायपर फिरवून धूळ काढायला जाऊ नका, धुळीचे कण काचेवर बारीक ओरखडे पाडतात, ते मग कशानेच जात नाहीत.

एवढं करूनही एका संध्याकाळी खूण गेली, आणि इथे मी दुसऱ्यांदा चुकलो, आतून बघितलंच नव्हतं. पाऊस पडतोय, आत चौघं बसलेत, कपडे ओले, तर काचेला आतून वाफ धरते, आणि कॅमेऱ्याच्या कव्हरखाली हवा पोचत नाही म्हणून तिथली वाफ सगळ्यात शेवटी जाते. एसी चालू ठेवून समोरच्या काचेवर हवा सोडली आणि पाचेक मिनिटांत खूण आपोआप आली तर ती वाफच होती. तेवढ्याने नाही आली तर आतला पांढरट थर, जो प्लास्टिक तापून हळूहळू काचेवर बसतो. तो कव्हरखाली असेल तर मी स्वतः उचकटत नाही, सर्व्हिसवाल्याला सांगतो, कारण लेन्सला बोट लागलं किंवा क्लीनरचा फवारा गेला तर नवीन त्रास. बाकी काचेवर क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट मारायचा नाही.

अजून एक, फास्टॅग. तो आरशाच्या मागेच लावायचा असतो आणि कॅमेरा पण तिथेच, त्यामुळे लावणारा घाईत तो कॅमेऱ्याच्या खिडकीवर अर्धा चढवतो. बाहेरून उभं राहून बघा, लेन्ससमोरची काच पूर्ण मोकळी पाहिजे. डॅशकॅम, गणपतीचा स्टिकर, काचेच्या वरच्या कडेची काळी पट्टी, सगळ्यालाच हे लागू. डॅशबोर्डवर पांढरं कापड किंवा चकचकीत पॉलिश असेल तर उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं, ते पण कॅमेऱ्याला त्रास देतं.

खूण विझलेली असताना फक्त लेनची वॉर्निंग जाते असं समजू नका. पुष्कळ गाड्यांत तोच कॅमेरा आपोआप ब्रेक लावणाऱ्या सिस्टीमलाही लागतो, म्हणजे पिवळा मेसेज असताना ब्रेकचा तो आधारही नसू शकतो. अंतर जास्त ठेवा. बॅटरीचा टर्मिनल काढून रिसेट मारणं मात्र करू नका, काच साफ झाली की खूण स्वतःहून येते. सुक्या दिवशी, स्वच्छ काचेने, नीट पट्टे असलेल्या रस्त्यावर अर्धा तास चालवूनही पिवळीच राहिली तर मग सर्व्हिसला न्या, आणि मध्ये कधी समोरची काच बदलली असेल तर ते आधी सांगा, काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं आणि बाहेरच्या काचवाल्याकडे ते बऱ्याचदा राहून जातं.

माझी खूण ब्लेड बदललं आणि कव्हरखालची काच साफ झाली तेव्हापासून हिरवी आहे. मागच्या आठवड्यात धो धो पावसात सेतूच्या मधोमध ती परत गेली, दादाने माझ्याकडे बघितलं, मी स्पीड कमी केला, आणि सर ओसरल्यावर चिर्ल्याला उतरेपर्यंत ती परत आली होती.