गणपतीला गावच्या घरी सगळे जमलेत, आधी नमस्कार कोणाला? या चुका टाळा

लग्न झाल्यावर पहिल्या गणपतीला मूळ घरी जाणाऱ्या जोडप्यांना हे टेन्शन हमखास येतं. ओसरीवर, माजघरात, स्वयंपाकघरात मिळून वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी नीट ओळखीची पण नाहीत. म्हणून हीच केस धरून सांगते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे दारात जो दिसेल त्याच्यापासून सुरुवात करणं. दारात बहुतेक चुलतभाऊच उभे असतात, मग तिथेच मिठ्या, "काय रे कधी निघालात", गप्पा रंगतात आणि आत आजी वाट बघत बसते. भावंडांकडे बघून हसा, हात करा, पण थांबू नका. पाय धुवा, थेट गणपतीसमोर जा, जोडीने नमस्कार करा आणि तिथून वळलात की घरातलं सगळ्यात मोठं माणूस. आजी असेल तर आजीच, आणि आजोबा नाहीत म्हणून तिला मागे ठेवून आधी काकांकडे वळणं ही अजिबात करू नये अशी गोष्ट आहे, तो पहिला मान तिचाच.

पुढे पिढीप्रमाणे जायचं, आणि एका पिढीत वयाप्रमाणे. समजा घरात आजी, आजीचे धाकटे दीर, थोरले काका-काकू, आत्या आणि तिचे यजमान, आईवडील, एक मोठा चुलतभाऊ आणि वहिनी आहेत. तर आजी, मग चुलत आजोबा, मग काका-काकू आणि आत्या-यजमान यांच्यात जे वयाने मोठे ते आधी, मग आईवडील, शेवटी दादा-वहिनी. वहिनी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असली तरी नात्याने मोठी, त्यामुळे दादाला केलात तर तिलाही करायचा, ती "अहो नको नको" म्हणून मागे सरकली तर हात जोडून पुढे जा, ओढाताण करू नका. तसंच तुमच्याच वयाचा एखादा धाकटा काका असतो, त्याच्या पाया पडायला दोघांनाही ऑकवर्ड होतं, तिथे तोंडी नमस्कार चालतो, फक्त चुलतभावंडांच्या आधी आणि "काका" म्हणूनच.

आता जी चूक सगळ्यात जास्त लागते ती. काकांना नमस्कार झाला, काकू स्वयंपाकघरात मोदक वळतायत, आणि त्या राहूनच जातात. बाहेर बसलेल्या पुरुषांना सगळ्यांना नमस्कार होतो आणि आत राबणाऱ्या बायका जेवायची पानं मांडेपर्यंत तशाच, हे मला खरंच खटकतं. ओसरीवरचं झालं की लगेच दोघांनी आत जायचं, एकट्या सुनेने नाही, मुलानेपण. हात पिठात असतील तर त्या म्हणतील राहू दे, तरी वाका. राहिलंय हे कसं कळतं? काकू तुमच्याशी न बोलता तुमच्या सासूबाईंना विचारतात, "आली का मंडळी?" असं झालं तर कारणं देत बसू नका, तडक जाऊन नमस्कार करा आणि "काकू, बाहेर तुम्ही दिसला नाहीत म्हणून आत आलो" एवढंच म्हणा, विषय तिथेच संपतो.

कोणी आडवं पडलंय किंवा झोपलंय तर पाया पडायचं नाही, झोपलेल्या माणसाला नमस्कार करणं अशुभ मानतात. आजारी आजी खाटेवर असेल तर जवळ बसा, हात हातात घ्या, नाव सांगा, उठून बसली की मग नमस्कार. जेवणाऱ्यालाही मध्येच नको, हात धुऊन होऊ दे. अशा वेळी क्रम मोडतो तो मोडू दे, पुढच्या माणसाला करून घ्या आणि आठवणीने परत या. सुतक असेल तर बहुतेक घरांत नमस्कार करत नाहीत आणि घेत नाहीत. काही घरांत जावयाला पाया पडू देत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी सासूबाईंना किंवा आईला फोन करून दोन गोष्टी विचारून ठेवा, मोठं कोण आणि आपल्याकडे काय चालत नाही.

लहान मुलं सोबत असतील तर प्रवासातून आल्या आल्या "पाया पड, पाया पड" करून रडवू नका. आधी पाणी, खाऊ, मग देवाला आणि आजीला करायला लावा, बाकीच्यांना नंतर होईल.

निघतानापण तोच क्रम, देव, आजी, मग बाकीचे, आणि स्वयंपाकघरात एक चक्कर नक्की. तोंडात "जातो" नको, "येतो" म्हणायचं. गाडी लागलीये म्हणून घाई असेल तर दहा मिनिटं आधी उठा, कारण आजी हातावर काहीतरी ठेवायला आत गेली की तिला वेळ लागतो.