फोटोतून पाइप काढायचा तर सावलीसकट काढा

नागपुरातल्या कुठल्याही बंगल्याचा फोटो घ्या, दर्शनी भिंतीवर मीटरची पेटी, पावसाच्या पाण्याचा पाइप आणि एसीचं आउटडोअर युनिट असतंच. कूलर चाकांच्या स्टँडवर असेल तर फोटो काढण्याआधीच बाजूला सारा. बाकीचं फोटोशॉपमध्ये काढावं लागतं. 'एका क्लिकमध्ये गायब' सांगणारे व्हिडिओ बघून कामाला लागू नका. मोबाइलच्या पडद्यावर ते खपून जातं, पण ए-फोर पानावर ३०० डीपीआयने छापलं की प्रत्येक डाग उघडा पडतो.

मूळ लेयरला हात न लावता वर एक रिकामा लेयर घ्या आणि क्लोन स्टॅम्प व हीलिंग ब्रश या दोन्ही टूलना `Sample: Current & Below` लावा. मोकळ्या भिंतीवरची मीटरची पेटी मूळ लेयरवर येऊन सिलेक्ट करा आणि `Output To: New Layer` ठेवून `Edit > Content-Aware Fill` ने भरा. तिथे फार काही करावं लागत नाही.

खरं काम पाइपचं. मनीषनगरमधलं एक पश्चिममुखी दुमजली घर समजा, क्रीम रंगाचं दाणेदार टेक्स्चर, जानेवारीतली दुपार. सूर्य नैर्ऋत्येला, म्हणजे समोरून बघताना उजवीकडे. त्यामुळे पाइपच्या डाव्या अंगाला त्याची सावली पडलेली असते, आणि एसीची सावली तर तिरपी खाली उतरून थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत जाते. लोक वस्तू काढतात आणि सावली ठेवतात. मग ती सावली कशाची, हे कोणालाच कळत नाही, पण फोटो खोटा आहे हे मात्र लगेच कळतं.

सावली उजळवून घालवायचा प्रयत्न करू नका. सावलीतल्या भागावर ऊन नसतं, निळ्या आकाशाचा प्रकाश असतो. कर्व्हज वर ओढले की क्रीम भिंतीवर निळसर पट्टा उमटतो. सावली हासुद्धा पाइपचाच भाग धरा आणि दोन्ही मिळून उन्हातल्या भिंतीने झाका.

यात मीही बराच काळ अडखळायचे, कारण हीलिंग ब्रश नेमकं काय करतो ते नीट माहीत नव्हतं. तो दाणा तुम्ही दाखवलेल्या जागेवरून उचलतो, पण रंग आणि उजेड दुरुस्तीच्या कडेकडून घेतो. कडेला पाइपचा किंवा सावलीचा जरासा अंश राहिला, की तो काळपटपणा आत ओढला जातो आणि भिंतीवर ओल आल्यासारखं दिसतं. म्हणून आधी क्लोन स्टॅम्पने पाइप आणि सावली पूर्ण झाका, हीलिंग ब्रश त्यानंतर फक्त सांधे मिटवण्यापुरता. चौकटीलगत काम असेल तर चौकटीच्या रेषेला धरून नेमकं सिलेक्शन करा, म्हणजे बाहेरचा रंग आत झिरपत नाही.

क्लोन करताना नमुना त्याच उंचीवरून, शेजारून घ्या. छज्जाखाली भिंत गडद असते आणि खाली अंगणाच्या फरशीचा उजेड तिच्यावर पडतो. खालचा तुकडा वर लावलात तर तो ठिगळासारखा दिसणारच. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून नमुना घेत गेलात की तेच दाणे पुन्हा पुन्हा दिसत नाहीत. आणि एकदम मऊ ब्रश वापरा हा सल्ला दाणेदार भिंतीसाठी चुकीचाच आहे. मऊ कडा एकमेकींवर चढल्या की दाणे पुसले जातात आणि भिंत मेणासारखी गुळगुळीत होते. कडकपणा साठ टक्क्यांच्या आसपास ठेवा.

भिंत तिरकस दिसत असेल आणि तिच्यावर खाचा किंवा टाइल्स असतील, तर `Filter > Vanishing Point` मध्ये जाळी खिडकीच्या कोपऱ्यांना बसवून तिथलाच स्टॅम्प वापरा. जाळी निळी व्हायला हवी. लाल किंवा पिवळी असेल तर कोपरे पुन्हा लावा. एसीच्या सावलीखालची चौकट मात्र रंगवत बसू नका, तशाच दुसऱ्या खिडकीचा उन्हातला तुकडा आणून बसवा. काचेत एसीचं प्रतिबिंब उरलं आहे का, तेही बघा.

तपासायला सगळ्यात वर एक तात्पुरता कर्व्हज लेयर घेऊन कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. जिथे काम केलंय तिथे ढगाळ पट्टे दिसले तर सांधे अजून जुळलेले नाहीत. पट्टे गेले की तो लेयर काढून टाका.

एसी, पाइप आणि पेटी काढायला माझी हरकत नाही. ओल, भेगा, समोरचा विजेचा खांब किंवा ट्रान्सफॉर्मर मी काढत नाही. एसीच्या पाण्याने भिंतीवर ओघळ आले असतील तर मालकाला आधी रंग द्यायला सांगते. बिल्डरच्या प्रकल्पाचं ब्रोशर असेल तर जास्तच जपायला हवं, कारण जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून ग्राहकाचं नुकसान झालं, तर रेरा कायदा २०१६ च्या कलम १२ प्रमाणे भरपाई बिल्डरला द्यावी लागते. म्हणून लेयर असलेली फाइल आणि मूळ फोटो, दोन्ही मालकाच्या हवाली करा.