ग्राउटिंग करताना गेजवर किती दाब ठेवायचा?

दख्खनच्या बेसॉल्टवर बांधलेल्या छोट्या दगडी बंधाऱ्याखालून पाझर लागला, की पाणी बहुधा दोन लाव्हाथरांच्या सांध्यातून किंवा कातळातल्या आडव्या भेगांतून येत असतं. तो थांबवायला कातळात भोकं पाडून भेगांत सिमेंटचा घोळ दाबाने भरतात, हेच ग्राउटिंग. भेग आडवी आहे, इथेच खरी मेख आहे. दाबाने शिरलेला सिमेंटचा घोळ वरचा सगळा कातळ उचलू पाहतो. म्हणून दाबाची मर्यादा वरच्या खडकाच्या वजनावरून ठरवतात. असा थरांचा खडक असेल, तर खोलीच्या दर मीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण ०.२५ किलो.

समजा, भोकाचा ६ ते ९ मीटर खोलीचा टप्पा भरायचा आहे आणि घोळ भोकातून वर येऊ नये म्हणून लावतात तो बूच, म्हणजे पॅकर, ६ मीटरवर बसवलाय. मर्यादा टप्प्याच्या वरच्या टोकाची धरायची, म्हणजे १.५ किलो. नवीन माणूस गेजचा काटा सरळ दीडवर नेतो. पण गेज जमिनीवर असतं आणि नळीत ६ मीटर उंच घोळ उभा असतो. पाणी आणि सिमेंट वजनाने समान असलेला घोळ पाण्याच्या दीडपट जड, म्हणजे त्याचा दाब ०.९ किलो. गेजवर उरले ०.६. भूजलाचा उलटा दाब असतो हे खरं, पण छोट्या कामात मी ती सूट घेत नाही. बंधाऱ्याचं वजनही धरत नाही, कारण घोळ पायाबाहेर नदीपात्राखालीही पसरतो.

दीड किलो ऐकायला किरकोळ वाटतं. चौरस मीटरला ते १५ टन होतात. घोळ ३ मीटर त्रिज्येत पसरला आणि सगळीकडे पूर्ण दाब पोचला असं धरलं, तर वर ढकलणारा जोर ४०० टनांच्या पुढे जातो. त्यामुळे घोळ खूप जात असेल, तर दाब आणखी कमी ठेवावा.

काम नीट चाललं असेल, तर दाब स्थिर राहतो आणि घोळ जाणं हळूहळू कमी होतं. काटा अचानक पडला आणि घोळ धावू लागला, तर भेग फाकली असेल, घोळ कुठेतरी वर फुटला असेल किंवा पोकळी लागली असेल. अशा वेळी दाब परत मिळवायला पंप वाढवू नका. आधी दाब उतरवा, कातळ उचलल्याची नोंद घेणारा डायल पाहा, खालच्या बाजूचं पात्र फिरून बघा. पोकळीच असेल, तर वाळू घातलेला घट्ट घोळ जवळजवळ स्वतःच्या वजनाने सोडायचा, थांबायचं, घट्ट झाल्यावर तेच भोक पुन्हा पाडायचं.

उलट, पाणी जातंय पण सिमेंट जात नाही, असंही होतं. सिमेंटचे कण ०.१ मिलीमीटरपर्यंत असतात. भेग ०.२ मिलीमीटरहून बारीक असेल, तर ते तोंडाशीच अडकतात. दाब वाढवून ते आत जात नाहीत, तिथे अतिबारीक सिमेंट लागतं.

शेवटी दोन भोकांच्या मध्ये तपासणीचं भोक घेऊन पाण्याची चाचणी करतात. खडकातून किती पाणी जातं हे सांगणारं ल्युजनचं माप १० किलो दाबाला ठरलंय म्हणून उथळ टप्प्यात तेवढा दाब देऊ नका. कमी दाबावर चाचणी करून आकडा प्रमाणात वाढवा. भरलेली भेग पाण्यानेही पुन्हा उघडते.