शंटची तार कापताना

प्रात्यक्षिकं घेताना मी दर वर्षी पाहतो की गॅल्व्हानोमीटरचा अमीटर करण्याचं गणित मुलं पटकन सोडवतात आणि अडतात ती तारेपाशी. म्हणून इथे शंटबद्दलच सविस्तर लिहितो.

समजा, गॅल्व्हानोमीटरचा रोध १०० ओहम आहे. शून्याच्या प्रत्येक बाजूला ३० घरं आहेत आणि काटा एक घर सरकायला २० मायक्रोअँपिअर लागतात. म्हणजे पूर्ण विक्षेपाला ०.६ मिलिअँपिअर, आणि तेव्हा कॉइलच्या टोकांत ६० मिलिव्होल्ट. आपल्याला १ अँपिअरपर्यंत मोजायचंय. उरलेली ०.९९९४ अँपिअर धारा समांतर जोडलेल्या शंटमधून जायला हवी आणि त्याच्याही टोकांत तेच ६० मिलिव्होल्ट असणार. भागाकार केला की शंट येतो सुमारे ०.०६ ओहम.

आता हा एवढासा रोध हातात कसा दिसतो? अर्धा मिलिमीटर व्यासाच्या मँगनीनच्या तारेचा फक्त २.७ सेंटिमीटरचा तुकडा! मँगनीन घेण्याचं कारण असं की तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. ही लांबी दोन स्क्रूंच्या मधली धरायची. स्क्रूखाली दबणारा भाग वेगळा ठेवायचा. एका मिलिमीटरचा फरक पडला तरी रोध जवळजवळ ४ टक्क्यांनी बदलतो. त्यामुळे तार थोडी लांबच कापा. जास्तीची तार स्क्रूखालून ओढून कमी करता येते, तोकडी पडली तर मात्र नवा तुकडा घ्यावा लागतो.

मग बॅटरी, ऱ्हिओस्टॅट आणि खात्रीचा अमीटर एकसर जोडून ताडून पाहा. अर्ध्या अँपिअरला काटा १५ व्या घरावर यायला हवा. तो १७-१८ वर गेला आणि बाकीची वाचनंही त्याच प्रमाणात जास्त आली, तर शंटचा रोध सुमारे ०.०७ ओहम झालाय: तार लांब आहे किंवा टोकं मळलेली आहेत. आधी टोकं काचकागदाने घासा, मग लांबी कमी करा. तारेला बोट लावताच काटा उडत असेल तर स्क्रू सैल आहे.

शंटला हात लावण्यापूर्वी प्लग की काढायचीच, यात मी कुणालाच सूट देत नाही. मंडल चालू असताना शंट सुटला तर सगळी धारा कॉइलवर येते आणि कॉइल जळू शकते.

व्होल्टमीटरला ही नाजूक कसरत नाही. याच गॅल्व्हानोमीटरवर ३ व्होल्ट मोजायला ४९०० ओहम एकसर जोडायचे. तिथे सांध्याचा एखादा ओहम वाढला तरी काटा जागचा हललेला दिसत नाही. मर्यादा वेगळीच आहे. असा ५००० ओहमचा व्होल्टमीटर ५००० ओहमच्याच रोधाला समांतर लावला, तर दोघांचा मिळून रोध निम्मा होतो आणि मोजायचा व्होल्टेजच खाली येतो.