गाडीतल्या व्हॉइस असिस्टंटला आपलं मराठी वळणाचं इंग्रजी कसं समजवावं

‘नॅव्हिगेट टू वाई’ म्हटलं आणि पडद्यावर navigate to why उमटलं, तर दोष उच्चाराचा आहे असं लगेच धरू नका. आवाज नीट पोचत नाही, भाषेची निवड चुकली आहे किंवा शब्दच फसवा आहे, या तिन्हींपैकी काहीही असू शकतं, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. इथे अँड्रॉइड ऑटो आणि गुगल असिस्टंट धरून सांगितलं आहे. जेमिनी आलेल्या फोनवर मेनूची नावं थोडी वेगळी दिसतील.

आधी दोष कुठे आहे ते पाहा

गाडी उभी करा, काचा लावा, एसी बंद करा. रोजच्या पाच आज्ञा द्या आणि पडद्यावर काय लिहून आलं ते पाहा. मग एसीचा पंखा पूर्ण वेगावर ठेवून त्याच पाच पुन्हा म्हणा. शांततेत बरोबर आणि पंख्यासोबत चूक, तर अडचण माइकची. शांततेतही चूक, तर भाषेची किंवा नावाची. पडदा पटकन पुसला गेला तर myactivity.google.com वर आपलं वाक्य काय ऐकलं गेलं ते वाचता येतं; त्यासाठी Web & App Activity चालू असावी लागते.

माइक

वायरने अँड्रॉइड ऑटो जोडलं तरी आवाज सहसा गाडीच्या माइकमधून जातो, फोनच्या नाही. तो बहुधा आरशाजवळ, छतावरच्या दिव्यापाशी असतो. काचेवरची वाफ घालवायला हवा वर सोडली की ती थेट तिथे आदळते, म्हणून आज्ञा देताना हवा पायाकडे वळवा. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत माइक पुढच्या पट्टीवरच्या बारीक भोकामागे असतो आणि ड्रायव्हरपासून दूर पडतो. त्याला वेगळा माइक जोडायची सोय असेल तर तो सन व्हायजरजवळ किंवा समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर लावून घ्या. जुन्या ब्लूटूथ जोडणीवर आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांनी जातो, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचा भाग उरतच नाही. स, श आणि फ यांची ओळख बरीचशी त्याच भागात असते. हे अक्षर असलेलीच नावं वारंवार चुकत असतील तर वायरने जोडून पाहा.

बटण दाबल्यावर सूचनेचा आवाज येईपर्यंत थांबा. घाईने बोललं की पहिला शब्द कापला जातो आणि उरलेल्या शब्दांवरून भलताच अर्थ लागतो.

भाषा

फोनवरच्या गुगल अ‍ॅपमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून Settings, मग Google Assistant आणि तिथे Languages उघडा. पहिली भाषा English (India) ठेवा. English (United States) असेल तर आपला जीभ मागे वळवून म्हटलेला ‘ट’ आणि ‘ड’, ‘व’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यातला न केलेला फरक, हे सगळं परकं ठरतं. दुसरी भाषा मराठी जोडून पाहा. निकाल डळमळीत झाला तर ती काढून टाका.

अमेरिकन लकब आणायची किंवा शब्द तोडून तोडून बोलायची गरज नाही. मध्ये लांब विराम पडला तर बोलणं संपलं असं समजून ऐकणं थांबतं.

मिश्र वाक्य

सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. ‘वाईला नॅव्हिगेट कर’ या वाक्यात गावाला ‘ला’ चिकटतो. इंग्रजी धरून ऐकणाऱ्या यंत्राला ‘वाईला’ हा एकच अनोळखी शब्द वाटतो. म्हणून एका आज्ञेत क्रियापदं आणि जोडशब्द एकाच भाषेतले ठेवा आणि मराठी नाव प्रत्ययाशिवाय उभं करा: ‘नॅव्हिगेट टू वाई, सातारा’. जिल्ह्याचं नाव जोडलं की why हा अर्थ लागण्याची शक्यता कमी होते. ‘खेड’ म्हणताना तर हे लागतंच, कारण एक खेड रत्नागिरीत आणि एक पुणे जिल्ह्यात आहे.

माणसांच्या नावातही हाच सापळा आहे. ‘कॉल आई’ हे इंग्रजी कानाला call I ऐकू येतं. असिस्टंटच्या सेटिंगमध्ये Your people इथे आईचा नंबर Mother म्हणून जोडा आणि ‘कॉल मदर’ म्हणा. इतरांसाठी संपर्कातल्या टोपणनावाच्या रकान्यात दोन-तीन अक्षरांचं, दुसऱ्या कोणाशी न जुळणारं नाव लिहा. गावातलं घर मॅप्समध्ये सापडत नसेल तर त्या जागेला Village house असं लेबल द्या.

बदल एका वेळी एकच करा आणि प्रत्येक वेळी तीच पाच वाक्यं उभ्या गाडीत म्हणून पाहा. हे सगळं करूनही एखादं गाव दरवेळी चुकत असेल, तर निघण्यापूर्वी मॅप्समध्ये टाइप करून ते जतन करा आणि गाडीत जतन केलेल्या ठिकाणांच्या यादीतून निवडा.