भावाचं मूल सांभाळताय? शाळेत वडील म्हणून स्वतःचं नाव लावण्याआधी या चुका टाळा

सर्वात जास्त दिसणारी चूक ही. निपुत्रिक काका-काकू पुतण्याला चार वर्षांचा असताना घरी आणतात आणि जूनमध्ये शाळेत नाव घालताना वडिलांच्या रकान्यात काकाचं नाव लिहितात. मास्तर ओळखीचे असतात, कुणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, दत्तक झालं.

काहीही झालेलं नसतं. जन्मदाखल्यावर एक बाप आणि शाळेच्या जनरल रजिस्टरवर दुसरा, एवढंच झालं. ही तफावत आधारला अडते. जात पडताळणीला तर हमखास अडते, कारण तिथे बापाचे, आजोबांचे जुने पुरावे मागतात आणि नावांची साखळी तुटलेली असते. भाच्याला मामाचं नाव लावलं असेल तर आडनावही बदलतं, मग गुंता दुप्पट. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत रजिस्टरमध्ये दुरुस्ती करता येते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला, दहावीचं प्रमाणपत्र आलं, की तेच काम फार अवघड होतं.

मुळात खोटं नाव लावायची गरजच नसते. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणारा माणूस ‘पालक’ असतो. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वडिलांच्या जागी खऱ्या वडिलांचं नाव आणि पालकाच्या जागी तुमचं, एवढं पुरतं. मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी प्रवेशाला जन्मदाखला हाच आधार धरायचा आहे, त्यामुळे तिथली नावं सुरुवातीपासून सरळ ठेवा. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात जावेच्या नावाने नोंद करून ‘काम सोपं’ करणारेही आहेत. तो सरळसरळ खोटा दस्त आहे, त्या वाटेला जाऊ नका.

दुसरी मोठी चूक: ‘आम्ही गेल्यावर सगळं त्याचंच आहे.’ समजा तीन एकर जमीन काकांच्या स्वकष्टाची आहे. काकू आधी गेल्या, मूलबाळ नाही, आई-वडील नाहीत, मृत्युपत्र केलेलं नाही. मागे दोन भाऊ आणि एक बहीण आहे. काका गेले की हिंदू वारसा कायद्याने ती जमीन या तिघांची, प्रत्येकी एक एकर. वीस वर्षं घरात वाढलेला पुतण्या वारसांच्या यादीत भाऊ-बहिणींच्या खालच्या पायरीवर आहे. वरचं एक जरी माणूस हयात असलं तरी त्याला शून्य. सगळे गेलेले असले तरी इतर पुतणे-भाचे त्याच्याच बरोबरीने उभे राहतात. काकू मागे राहिल्या आणि त्याही मृत्युपत्राविना गेल्या, तर नवऱ्याकडून आलेली जमीन पुन्हा नवऱ्याच्याच वारसांकडे जाते.

तलाठ्याकडे वारस नोंद लागते तेव्हा हा मुलगा घरातून कागद काढून आणतो. शंभराचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का आणि मजकूर: ‘आमचा मुलगा सांभाळण्यास देत आहोत.’ सांभाळायला देणं म्हणजे दत्तक देणं नव्हे, आणि नोटरीच्या शिक्क्याने त्याचं दत्तकपत्र होत नाही. फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घेता येते, पण हरकतीला पुरावा लागतो. देणारे आणि घेणारे हयात नसतील तर तो आणणार कुठून?

खरं दत्तक करायचं तर देणारे आई-वडील आणि घेणारे नवरा-बायको, चौघांचीही संमती हवी. मूल शक्यतो पंधराच्या आत असावं. मोठ्या वयाच्या दत्तकाला रूढीचा आधार सिद्ध करावा लागतो, त्यावर विसंबू नका. मुलगा घ्यायचा तर घरात आधीचा मुलगा किंवा मुलाचा मुलगा नसावा. मूल प्रत्यक्ष मांडीवर देणं-घेणं झालं पाहिजे, कारण तेच दत्तक. दत्तकपत्र हा त्याचा पुरावा. मूल देण्या-घेण्याचे फोटो ठेवा, तारीख, ठिकाण आणि साक्षीदार दस्तात लिहा आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त असेल तर दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट गृहीत धरतं, उलट सिद्ध करण्याचा भार विरोधकावर जातो. मग क्रम असा: दस्त, जन्मदाखला, आधार आणि सर्वात शेवटी शाळा. घाईत लोक नेमके शाळेपासून सुरू करतात.

आई-वडील दोघेही गेलेले असतील तर मूल दत्तक द्यायला पालकाला कोर्टाची परवानगी लागते. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता म्हणून काकाचं नाव लागलं, तरी त्याने मुलाचा हिस्सा विकायचा अधिकार मिळत नाही.

दत्तक नकोच असेल, मुलाची खऱ्या आई-बापाशी नाळ ठेवायची असेल, तर तेही ठीक. मग मृत्युपत्र करा. त्यात मुलाचं खरं नाव, खऱ्या वडिलांच्या नावासकट लिहा, गट नंबर लिहा आणि ज्यांना काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार घ्या. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी ती कराच. त्याऐवजी बक्षीसपत्र करायला निघालात तर मुला-नातवंडांसाठी असलेली दोनशे रुपयांची मुद्रांक सवलत पुतण्याला लागू होत नाही, हे आधी पाहा. वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्र फक्त तुमच्या हिश्शापुरतंच चालतं.